गोणीच्या तोंडाचा दोरा

तांदळाचा कट्टा घरी आला की बहुतेक घरांत पहिल्यांदा कात्री शोधली जाते. पांढरी, चकचकीत गोणी, तिच्यावर लाल-हिरव्या ठळक अक्षरांत नाव, शेजारी सांडलेल्या दाण्यांचे चित्र आणि वर दोऱ्याने शिवलेले तोंड. कात्री त्या शिलाईच्या खाली चालते, गोणी उघडते आणि मग चार-सहा महिने तांदूळ निवडताना बारीक पांढऱ्या पट्ट्या हाताला लागत राहतात. त्या पट्ट्या गिरणीतून आलेल्या नसतात. त्या आपणच कापून तांदळात टाकलेल्या असतात. ही गोणी कापायची वस्तू नाही, उसवायची आहे. हे पटण्यासाठी आधी ती कशाची विणलेली असते ते पाहावे लागेल.

तागाच्या पोत्यात सूत असते. आजच्या तांदळाच्या कट्ट्यात सूत नसते, पट्टी असते. पॉलिप्रॉपिलीन नावाच्या प्लॅस्टिकचे दाणे वितळवून त्यांचा पातळ, रुंद पडदा काढतात आणि तो लगेच पाण्याच्या टाकीत थंड करतात. पुढे ओळीने बसवलेली पाती त्या पडद्याच्या अरुंद पट्ट्या पाडतात. या पट्ट्या तापवून मूळ लांबीच्या पाच-सहा पट ताणल्या जातात. गोणीची सगळी ताकद या ताणण्यातून येते. ताणताना प्लॅस्टिकचे लांबलचक रेणू एकाच दिशेने सरळ होतात. त्यामुळे ती पट्टी लांबीच्या दिशेने ओढून तुटत नाही, आडवी मात्र नखानेही चिरते. नंतर गोल मागावर धोटे चक्राकार फिरतात आणि या पट्ट्यांची सलग नळी विणली जाते. म्हणून चांगल्या गोणीला बाजूला शिवण नसते. नळी हव्या त्या लांबीवर कापली, खालचे तोंड दुमडून शिवले की गोणी तयार.

पट्टी गुळगुळीत असते. तागाच्या सुताला केस असतात, ते एकमेकांत अडकून राहतात. इथे तसे काही नाही. कारखान्यात गोणी कापताना गरम पाते वापरले, तर कडेच्या पट्ट्या वितळून एकमेकींना चिकटतात आणि विणकाम धरून राहते. घरची कात्री थंड असते. तिने कापलेल्या कडेतून पट्ट्या एकेक करून सुटतात आणि थेट तांदळात पडतात. गोणी उन्हात पडून ठिसूळ झालेली असेल, तर त्यांचा चुराच होतो. प्लॅस्टिकचा आतून पातळ थर चढवलेल्या गोणीत हे प्रमाण कमी असते, पण नुसत्या विणलेल्या गोणीत ते टळत नाही.

आता शिलाई. पूर्वी पोत्याचे तोंड दाभण आणि सुतळीने शिवत. दोन्ही कोपऱ्यांना गाठी मारून कान काढत, म्हणजे हमालाला पकड मिळे. आजच्या गिरणीत हातात धरायचे किंवा वरून टांगलेले छोटे यंत्र असते. भरलेल्या गोणीचे तोंड त्यातून सरकले की काही सेकंदांत शिवून होते. घरच्या शिलाई मशीनला वरचा दोरा आणि खालची बॉबिन लागते. बॉबिनमध्ये दोरा थोडाच मावतो. दिवसभर गोण्या शिवायच्या तर ती सारखी बदलत बसावी लागेल. म्हणून गोणीच्या यंत्रात बॉबिनच नसते. एकच दोरा मोठ्या कोनावरून येतो, सुई त्याचा फास कापडातून खाली नेते, खालचा आकडा तो फास धरतो आणि पुढचा फास त्यातून ओवला जातो. क्रोशाच्या विणकामात पहिली साखळी घालतात तसे हे आहे.

म्हणूनच या शिलाईच्या दोन बाजू वेगळ्या दिसतात. एका बाजूला साधे सरळ टाके, दुसऱ्या बाजूला एकातून एक निघालेल्या फासांची साखळी. प्रत्येक फास पुढच्या फासाने अडवलेला असतो. शेवटच्या फासाला मात्र अडवायला काही नसते. त्यामुळे ही शिलाई जिथे संपली त्या टोकाकडून ओढली की सरसर सुटते आणि जिथे सुरू झाली त्या टोकाकडून ओढली की घट्ट बसते. गोणीच्या दोन्ही कडांना दोऱ्याची एकेक शेपटी लोंबत असते. एका कडेची शेपटी गोणीजवळ कापावी, साखळीचा पहिला फास नखाने किंवा सुईने मोकळा करावा आणि दोरा ओढावा. आवळला तर जोर लावू नये, दुसऱ्या कडेला जावे. सुटू लागला की पूर्ण तोंड एका ओढीत उघडते आणि हातात सलग दोरा येतो, शिवलेल्या लांबीच्या तीन-चार पट लांब. काही गिरण्या दोन दोऱ्यांची साखळी वापरतात. तिथे साखळीच्या बाजूचा दोरा आधी काढला की सरळ बाजूचा आपोआप मोकळा होतो. अशा रीतीने उघडलेल्या गोणीची कड शाबूत राहते आणि पट्टी सुटत नाही.

पण उघडण्यापूर्वी, म्हणजे खरे तर दुकानातच, त्या शिलाईकडे नीट पाहावे असे मला वाटते. गोणीवर जे छापले आहे त्यापेक्षा तिचे तोंड अधिक खरे बोलते. तागातून सुई गेली तरी सूत पुन्हा जागेवर सरकते आणि भोक बुजते. प्लॅस्टिकच्या पट्टीत सुईने पाडलेले भोक कायम राहते. छापील, चकचकीत थर असलेल्या गोणीवर तर ते उजेडात धरले की स्पष्ट दिसते. आता शिवलेल्या ओळीच्या वर किंवा खाली रिकाम्या भोकांची आणखी एक ओळ असेल, तर ही गोणी एकदा शिवून, उसवून पुन्हा शिवली आहे. यामागे प्रामाणिक कारणही असू शकते. नमुना काढला असेल, वजन पुन्हा तपासले असेल. पण रिकामे बारदान विकत घेऊन पुन्हा विकण्याचा धंदा सगळीकडे चालतो आणि चांगल्या छापाच्या रिकाम्या गोणीत दुसराच तांदूळ भरणे अवघड नाही. दुहेरी भोके दिसली तर दुकानदाराला विचारावे आणि आपल्यासमोर उघडून दाखवायला सांगावे.

छपाईतली सर्वांत मोठी अक्षरे असतात नावाची आणि वजनाची. वजनाचा आकडा इतका चमत्कारिक का, असा प्रश्न 2022 नंतर अनेकांना पडला असेल. दुकानांत 26 किलोच्या गोण्या दिसू लागल्या. 18 जुलै 2022पासून आधीच बांधलेल्या आणि लेबल लावलेल्या धान्यावर 5 टक्के जीएसटी लागू झाला, पण तो 25 किलोपर्यंतच्या पाकिटांना. त्याहून मोठी गोणी त्यातून सुटली. हिशेब मांडून पाहू. समजा तांदूळ 60 रुपये किलो आहे. 25 किलोचे 1,500 रुपये, त्यावर 75 रुपये कर, एकूण 1,575. तोच तांदूळ 26 किलोच्या गोणीत भरला तर 1,560. एक किलो जास्त मिळून वर 15 रुपये कमी. गिरणीवाल्यांनी एक किलो वाढवले ते यासाठी.

या एका किलोला दुसरी बाजूही आहे. पाकीटबंद मालावर कमाल किरकोळ किंमत छापण्याची सक्ती ज्या नियमांत होती, तेही 25 किलोपर्यंतच्याच पाकिटांना लागू होते. त्यामुळे मोठ्या गोणीवर किंमत नसली तर त्यात लबाडी असेलच असे नाही, पण ताडून पाहायला छापील आकडा उरत नाही. अन्नसुरक्षा परवान्याचा 14 आकडी क्रमांक आणि माल भरणाऱ्याचे नाव-पत्ता मात्र मोठ्या गोणीवरही असायला हवा. हे नसेल तर नुसत्या सुंदर छापाला काही अर्थ नाही. वजन काट्यावर पाहायचे तर बारदान वजा करायला विसरू नये. 50 सेंटिमीटर रुंद आणि 80 सेंटिमीटर लांब गोणीत दोन थर मिळून 0.8 चौरस मीटर कापड असते. या कापडाचे वजन चौरस मीटरला साधारण 75 ग्रॅम धरले, तर गोणी 60 ग्रॅमची होते. म्हणजे 30 किलो भरलेली गोणी काट्यावर 30 किलो 60 ग्रॅमच्या आसपास दिसायला हवी. बरोबर 30 दिसली तर मुठभर तांदूळ कमी आहे. 50 किलोच्या सरकारी तागाच्या पोत्याचे वजन मात्र अर्ध्या किलोहून जास्त असते, तिथे ही वजाबाकी चांगलीच जाणवते.

नावाबद्दल एकच सांगतो. वाडा कोलमला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तो पालघर जिल्ह्यातल्या वाडा परिसराचा तांदूळ आहे. गोणीवर ‘कोलम’ लिहिलेले असणे आणि तो वाड्याचा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भरणाऱ्याचा पत्ता कुठला आहे आणि मानांकनाची खूण आहे का, हे बारीक अक्षरांत वाचावे लागते.

गोणीच्या पुढ्यात सांडलेले दाणे चित्रात नेहमी लांब, अखंड आणि शुभ्र असतात. दुकानात उघड्या गोणीच्या तोंडाशी केलेला ढीगही तसाच दिसतो, आणि तो फसवा असण्याचे कारण दुकानदाराचे हात नसून वाहतुकीचे हादरे आहेत. ट्रकमध्ये गोणी हलत राहते, बारीक कणी दाण्यांच्या फटींतून खाली उतरत जाते आणि अखंड दाणे वर राहतात. म्हणून व्यापारी टोकदार पन्हळी गोणीच्या कुशीत खुपसून मधला माल काढतात. आपण निदान कोपरापर्यंत हात घालून मूठ काढावी. ती गडद रंगाच्या कागदावर पसरली की तुकडे किती, मध्ये खडूसारखे पांढरे पोट असलेले दाणे किती, साळीचा एखादा दाणा राहिला आहे का, ते लगेच कळते. जुना तांदूळ किंचित पिवळसर असतो आणि भात मोकळा होतो, म्हणून शुभ्रपणावर भुलू नये. मूठ सोडल्यावर तळहाताला बारीक पूड चिकटली तर पॉलिश नीट झाडलेले नाही किंवा आत कीड आहे. दाणे एकमेकांना धरून जाळीसारखे लोंबले, तर पतंगाची अळी लागली आहे आणि ती गोणी घ्यायची नाही.

घरी आणल्यावर तांदूळ गोणीत ठेवू नये. थर चढवलेली गोणी हवा खेळू देत नाही, दाण्यात ओल असेल तर ती आतच कोंडते आणि पावसाळ्यात वास येतो. तांदूळ एक-दोन दिवस सावलीत पसरून कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात भरावा. रिकामी गोणी गच्चीवर किंवा अंगणात उन्हात टाकू नये, कारण उन्हाने तिची पट्टी ठिसूळ होते आणि काही महिन्यांत तिचा पांढरा भुगा मातीत मिसळतो. उन्हात वापरायच्या गोण्यांच्या प्लॅस्टिकमध्ये ऊन सोसणारे द्रव्य मुद्दाम घालतात. तांदळाच्या गोणीत ते असेलच असे नाही. ती घडी घालून घरात ठेवली आणि दोराही गुंडाळून ठेवला, तर पुढच्या वर्षी आंबे किंवा कांदे भरून तोंड शिवायला दोन्ही उपयोगी पडतात. फक्त दाभण लागेल.