शेवटचा वीस हजारांचा माल

महिनाअखेरीला कुठल्याही तालुक्याच्या गावी कृषी सेवा केंद्रात तासभर बसलं, की एक संवाद हमखास कानावर पडतो. कीटकनाशक कंपनीचा प्रतिनिधी काउंटरला टेकून म्हणतो, "शेठ, दहा पेट्या उतरवून घ्या. बिल आजच्या तारखेला टाकतो, पैसे दिवाळीनंतर द्या. नाही खपला तर मीच परत नेतो." शेठ कुरकुरतात आणि घेतात. कंपनीच्या खात्यात विक्री जमा होते, प्रतिनिधीचं टार्गेट पूर्ण होतं आणि माल गोदामात धूळ खातो. पाऊस संपला की त्यातल्या बऱ्याच पेट्या परत निघतात.

यावर साहेब लोकांचं ठरलेलं उत्तर म्हणजे "पोरं प्रामाणिक राहिली नाहीत." मला ते पटत नाही. बहुतेक वेळा पोरगं आपल्या कमिशनच्या कागदात लिहिलंय तेच करत असतं.

तो कागदच उघडून पाहू. समजा, प्रतिनिधीचा पगार महिना 30 हजार आणि टार्गेट महिना 10 लाख. टार्गेटच्या खाली राहिला तर विक्रीवर 1 टक्का कमिशन, आणि 10 लाख गाठले की पूर्ण विक्रीवर 2 टक्के. असे स्लॅब ठिकठिकाणी दिसतात, कारण समजायला सोपे आणि मीटिंगमध्ये सांगायला जोरदार. आता 29 तारखेला त्याची विक्री 9 लाख 80 हजार झाली आहे. इथेच थांबला तर हातात 9,800 रुपये. आणखी 20 हजारांचा माल खपवला तर 20,000 रुपये. म्हणजे शेवटच्या वीस हजारांच्या मालावर कमिशन 10,200! त्यातले पाच हजार स्वतःच्या खिशातून शेठला सूट म्हणून दिले, तरी तो फायद्यातच राहतो. अशा वेळी कुणी काउंटरला टेकून आर्जवं करत बसला तर नवल कसलं?

हा प्रकार खेड्यापुरता नाही. अमेरिकेतल्या एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीच्या सौद्यांचा अभ्यास इयन लार्किन या संशोधकाने 2014 मध्ये प्रसिद्ध केला. तिथे कमिशनचा दर तिमाहीतल्या विक्रीनुसार झपाट्याने चढत होता. विक्रेते सौदे आपल्या सोयीच्या तिमाहीत बसवत आणि त्यासाठी गिऱ्हाइकाला जादा सूट देत. त्या सुटीपायी कंपनीच्या संभाव्य उत्पन्नातले 6 ते 8 टक्के गेले, असा त्याचा हिशेब होता.

पहिली दुरुस्ती अगदी साधी आहे. वाढीव दर, म्हणजे ज्याला या धंद्यात ॲक्सिलरेटर म्हणतात तो, फक्त टार्गेटच्या वरच्या विक्रीला लावायचा. मग टार्गेटच्या अलीकडच्या 20 हजारांवर 200 रुपये मिळतात आणि पलीकडच्या 20 हजारांवर 400. चांगल्या विक्रेत्याला जोर लावायला हे पुरेसं आहे, पण दोनशेच्या फरकासाठी कुणी खिशातून सूट देणार नाही.

एवढ्याने भागत नाही, कारण दर महिन्याला पाटी कोरी होते. दोन महिन्यांत एकूण 20 लाखांची विक्री होणार असेल, तर ती दहा-दहा लाखांची दाखवल्यास कमिशन 20,000 रुपये. तीच एका महिन्यात 5 आणि दुसऱ्यात 15 लाख दाखवली तर 25,000. विक्री तेवढीच, पण ऑर्डर चार दिवस खिशात ठेवण्याचे पाच हजार! म्हणून टार्गेट वर्षाचं ठेवायचं आणि मोजणी एप्रिलपासून चढती करायची. कमिशन दर महिन्याला दिलं तरी ॲक्सिलरेटर सुरू व्हावा तो वर्षाचे 1 कोटी 20 लाख ओलांडल्यावर. त्यात कुणी 1 कोटी 44 लाख विकले, तर पहिल्या भागावर 1 लाख 20 हजार आणि वरच्या 24 लाखांवर 48 हजार मिळतील. विक्री 20 टक्क्यांनी जास्त, कमिशन 40 टक्क्यांनी जास्त. ऑर्डर पुढे-मागे करून मात्र काही हाती लागत नाही.

वर्षाच्या टार्गेटचे बारा सारखे तुकडे पाडणंही शेतीच्या धंद्यात हास्यास्पद ठरतं. विदर्भात कापूस-सोयाबीनच्या फवारण्या जून ते सप्टेंबरात, तर नाशिकच्या द्राक्षबागांचा खरा खप ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर. मुंबईतल्या ऑफिसने दोघांना ऑगस्टचं एकच टार्गेट दिलं, तर नाशिकवाल्याला माल ढकलण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

आता सगळ्यात नाजूक मुद्दा: विक्री म्हणायचं कशाला? या धंद्यात दुकानदाराच्या गोदामात माल उतरवण्याला प्लेसमेंट म्हणतात आणि तो शेतकऱ्याला विकला गेला की लिक्विडेशन. कमिशन बिलावर दिलं, तर प्रतिनिधी गोदामं भरत राहणार. औषध कंपनी ब्रिस्टल-मायर्स स्क्विबने 2000 आणि 2001 मध्ये घाऊक विक्रेत्यांकडे गरजेपेक्षा जास्त माल भरून विक्रीचे आकडे फुगवले होते. 2004 मध्ये तिला त्या प्रकरणात अमेरिकी नियामकाशी 15 कोटी डॉलरची तडजोड करावी लागली.

म्हणून कमिशन दोन हप्त्यांत तोडावं. लाखाच्या मालावरच्या हजार रुपयांपैकी पाचशे दुकानदाराचे पैसे जमा झाल्यावर, उरलेले पाचशे माल खपल्यावर. खप कळतो कसा? कीटकनाशक विक्रेत्याला स्टॉक रजिस्टर ठेवावंच लागतं. हंगामाच्या मध्यात आणि अखेरीस ते तपासायचं, आणि मोजायला त्या प्रतिनिधीला न पाठवता दुसऱ्या कुणाला पाठवायचं. परत आलेल्या मालाचं कमिशन पगारातून कापण्याच्या भानगडीत पडू नये, ते राखून ठेवलेल्या हप्त्यातूनच वळतं करावं. पैशांसाठी हंगामभर थांबायचं म्हणजे पोरं नाराज होणार, हे खरं. त्यामुळे पगाराचा भाग पोट भरण्याइतका हवाच. इथे टार्गेट गाठणाऱ्याच्या एकूण कमाईत कमिशन साधारण पाव भाग आहे. निम्म्यावर गेलं तर हा राखीव हप्ता त्याला झेपणार नाही.

टार्गेट ठरवताना गेल्या वर्षीच्या विक्रीवर सरसकट पंधरा टक्के चढवणं ही सर्वांत आळशी पद्धत. यंदा जास्त विकणाऱ्याला पुढच्या वर्षी शिक्षा होते हे प्रतिनिधींच्या लवकर लक्षात येतं आणि फेब्रुवारीतच त्यांचा हात आखडतो. त्यापेक्षा तालुक्यातलं पीकक्षेत्र, ओलिताचं प्रमाण आणि आपला हिस्सा यांवरून आकडा काढावा. शंभरातल्या साठ-सत्तर जणांना गाठता येतो तो आकडा रास्त, असा या क्षेत्रातला ढोबळ ठोकताळा आहे.

कमिशनला कमाल मर्यादा घालू नये. ती गाठली की ऑर्डरी पुन्हा खिशात जातात. पण 2018 मध्ये अमेरिकन लष्करी अळी मक्यावर आली तसं काही झालं, तर औषध हातपाय न हलवताही खपतं. अशा वेळेसाठी टार्गेटच्या दीडपटीपुढे दर पुन्हा 1 टक्क्यावर आणण्याची अट आधीच लिहून ठेवावी. अळी आल्यावर नियम बदलला, तर पुढच्या कुठल्याच कागदावर कुणी विश्वास ठेवणार नाही.

नवा कागद वाटण्यापूर्वी गेल्या वर्षीची खरी विक्री, परतावे धरून, त्यात घालून पाहावी. ज्यांची कमाई घटते, त्यांच्या महिन्याच्या शेवटच्या पाच दिवसांतली बिलं आणि नव्वद दिवसांवरची थकबाकी काढावी. दोन्ही फुगलेली असतील, तर तो माणूस जुन्या स्लॅबवर जगत होता. दोन्ही साफ असूनही त्याची कमाई घटत असेल, तर चूक नव्या आकड्यात आहे.

राहता राहिला मार्च. चढत्या मोजणीनेही वर्षाची शेवटची तारीख पुसता येत नाही, आणि खरिपाच्या तोंडावर मार्चमध्ये माल भरणं दुकानदारालाही स्वाभाविक वाटतं. पण कमिशनचं वर्ष आर्थिक वर्षाबरोबरच संपायला हवं असा काही नियम नाही. खरिपावर चालणाऱ्या भागात ते नोव्हेंबरअखेर, परतावे येऊन गेल्यावर, बंद करता येतं. हिशेब खात्याला दोन वह्या ठेवाव्या लागतात आणि ते चिडतं, एवढंच.