पहिल्या कॉलचा आवाज

कॉल सेंटरमध्ये नव्याने लागलेल्या मुलामुलींची पहिल्या कॉलची धास्ती सर्वांत आधी श्वासात उतरते. हेडसेटमध्ये बीप वाजते, ग्राहक जोडला जातो आणि नेमक्या त्याच क्षणी श्वास छातीत अडकतो. स्वरयंत्राचे स्नायू ताणले जाऊन आवाज चढतो, तोंडाला कोरड पडते आणि पाठ केलेली स्क्रिप्ट एका दमात बाहेर पडते. पलीकडच्याला भीती दिसत नाही. त्याला ऐकू येते ती घाई, आणि घाईत बोलणारा माणूस काहीतरी गळ्यात मारायला आलाय असेच वाटते. त्यात जाहिरातीचे कॉल 140 ने सुरू होणाऱ्या क्रमांकावरून येत असल्यामुळे तो आधीच सावध असतो.

‘दीर्घ श्वास घ्या’ हा नेहमीचा सल्ला अर्धवट आहे. घाबरलेल्याची छाती आधीच भरलेली असते, म्हणून श्वास आधी सोडायला हवा. दोन कॉलच्या मधल्या वेळात चार मोजेपर्यंत श्वास आत आणि सहा-सात मोजेपर्यंत हळू बाहेर, असे दोन-तीनदा केले की हृदयाची धडधड उतरू लागते. खांदे खाली, पाय जमिनीला टेकलेले आणि हाताशी साधे पाणी असावे. फार थंड नको. बोलताना हलके हसल्यास ओठ ताणले जाऊन आवाजाचा पोत बदलतो, आणि तो फोनवरही ओळखू येतो. मात्र ग्राहक तक्रार सांगत असेल, तर हेच हसू झोंबते.

समजा, ब्रॉडबँडची वार्षिक योजना सुचवायची आहे. घाबरलेली मुलगी नमस्कारापासून ‘एक्सक्लुझिव्ह ऑफर’पर्यंत थांबतच नाही. त्याऐवजी तिने म्हणावे, “नमस्कार, कुलकर्णी साहेब बोलताय का?” आणि उत्तराची वाट पाहावी. मग नाव, कंपनी आणि “दोन मिनिटं बोलू का?” या थांब्यांत तिलाही श्वास मिळतो.

पुढचे बोलणे त्याच ग्राहकाच्या बिलावरून सुरू व्हावे. “तुम्ही महिन्याला 799 भरता. वर्षाचे एकदम भरलेत, तर तोच वेग महिन्याला 649 पडेल. मात्र 7,788 रुपये आत्ता भरावे लागतील आणि मध्येच बंद केलंत तर परत मिळणार नाहीत.” अडचणीची अट स्वतःहून सांगितली की आवाजाला वेगळा प्रामाणिकपणा आणावा लागत नाही, आणि ग्राहक ती शोधून काढेल ही धाकधूकही उरत नाही. शब्द स्क्रिप्टचेच ठेवावे लागत असतील, तर निदान थांबे कुठे घ्यायचे याच्या खुणा पेन्सिलीने करून ठेवाव्यात.

सुधारणा झाली की नाही, हे टीम लीडरबरोबर रेकॉर्डिंगची पहिली दहा-पंधरा सेकंदे ऐकून कळते. ग्राहकाने “कोण? कुठून?” असे विचारले असेल, तर नमस्कार घाईत झाला. ऑफर ऐकल्यावर त्याने “म्हणजे नेमके किती भरायचे?” असे विचारले, तर आकडा नीट सांगितला गेला नाही. ही दुसरी चूक श्वासाने सुटत नाही. त्यासाठी पुढच्या शिफ्टच्या आधी योजना पुन्हा वाचावी लागते.