थंडीतला लग्नसोहळा : पैठणीवरील आखूड जॅकेट

नाशिक, निफाडच्या परिसरात डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा अनेकदा दहा अंशांखाली उतरतो. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपून पाहुणेमंडळी लॉनवरील स्वागत समारंभाला येतात, तोवर गारठा पडू लागलेला असतो. मग भारी पैठणीवर घरातली शाल ओढली जाते आणि मोरांचा पदर तिच्याखाली दिसेनासा होतो. कमरेपर्यंतचे आखूड जॅकेट हा यावरील उपाय आहे. मात्र ते साडीसाठी मापून शिवलेले असावे लागते. तयार मिळणारे जॅकेट सहसा कुर्त्याच्या वा पाश्चात्त्य पोशाखाच्या मापाचे असते. ते साडीवर घातले की कमरेशी फुगते.

जॅकेट घ्यावे की श्रग, हे आधी ठरवावे. श्रग समोरून उघडा व सैल असतो आणि तो पदरावरून घालता येतो. सभागृहात ऊब वाटली की तो सहज काढता येतो. परंतु जाळीच्या वा जॉर्जेटच्या श्रगने थंडी अडत नाही. त्याला किमान अस्तर तरी हवे. शिवाय पदराचा वरचा भाग त्याखाली झाकला जातो. उघड्या लॉनवर, पैठणीसारख्या पदर मिरवणाऱ्या साडीसाठी, ब्लाउजवर जॅकेट आणि जॅकेटवर पदर हाच क्रम उपयोगी पडतो. या क्रमात पदर सोडल्याशिवाय जॅकेट काढता येत नाही, एवढी त्याची मर्यादा आहे.

समजा, वधूच्या मावशीचे छातीचे माप 38 इंच आणि ब्लाउजची उंची 14 इंच आहे. जॅकेटची छाती 41 इंच धरावी, म्हणजे आतल्या ब्लाउजला व श्वासाला जागा राहते. मुंढा ब्लाउजपेक्षा सुमारे एक इंच खोल ठेवावा. तो तंग राहिला तर हात जोडून नमस्कार करतानाच काखेत ओढ बसते. उंची खांद्यापासून साडी खोचतो त्या रेषेपर्यंत, येथे साधारण 16 इंच, असावी. ती याहून लांब झाली तर खालची कड निऱ्यांच्या खोच्यावर चढून पोटाशी उंचवटा दिसतो आणि आखूड झाली तर वारा नेमका कमरेशी लागतो. म्हणून माप घेताना समारंभात नेसायचा परकर घालून, निऱ्या खोचूनच ते घ्यावे आणि एकदा खुर्चीवर बसूनही पाहावे.

कापड मखमलीचे असेल तर पूर्ण बाहीच्या अशा जॅकेटला 44 इंच पन्ह्याचे सुमारे दीड मीटर लागते. मखमलीची लव एकाच दिशेला झुकलेली असते. कापड वाचवण्यासाठी शिंप्याने पाठीचा तुकडा उलटा बेतला, तर दिव्यांच्या प्रकाशात पाठ व बाही दोन वेगळ्या रंगांच्या भासतात. तुकड्यांवरून तळहात फिरवला की दिशा कळते. रेशमी मखमल नको असलेल्या घरांत सुती मखमल घेता येते. अस्तराच्या आत पातळ सुती पॅडिंग भरले की ऊब वाढते. बाहीचे अस्तर मात्र गुळगुळीत असावे, नाहीतर ब्लाउजची बाही वर गोळा होते.

मखमलीच्या लवेमुळे रेशमी पदर खांद्यावर चांगला धरून राहतो. तरीही पिन थेट मखमलीत टोचू नये, तिथे लव दबून कायमची खूण पडते. डाव्या खांद्याच्या शिलाईत कापडाची छोटी पट्टी शिवून घ्यावी आणि पदराच्या आतल्या घडीतून पिन तिच्यात अडकवावी. त्याच खांद्यावर जरदोसी वा खडे घेऊ नयेत. भरतकाम उजव्या बाजूस, गळ्याशी आणि मनगटाशी शोभते. बनारसी साडीच्या मागच्या बाजूस सुटे धागे असतील तर ते खड्यांत हमखास अडकतात.

लेहंग्याचा हिशेब थोडा निराळा आहे. जॅकेटची कड कमरपट्टीच्या किंचित वर थांबावी, कारण तिथूनच घेर सुरू होतो. ओढणी एका खांद्यावर घेऊन तिचे दुसरे टोक कमरेला खोचले तर जॅकेट मोकळे राहते आणि हवे तेव्हा काढता येते. होमाजवळ बसणाऱ्या वधूला ही सोय महत्त्वाची आहे. पॉलिस्टरची मखमल ठिणगीने वितळून त्वचेला चिकटते, म्हणून विधींच्या वेळी ती बाजूलाच ठेवावी.

समारंभानंतर जॅकेट घडी घालून पैठणीवर ठेवू नये. मखमलीवर इस्त्री दाबू नये. उलट बाजूने वाफ देऊन रुंद हँगरवर ते टांगावे. शिलाईत एक इंच माया राखलेली असेल, तर हेच जॅकेट पुढे लेकीच्या वा सुनेच्या मापालाही बसवता येते.