मुलांच्या हाती बार कधी द्यावा?

वजन उचलले की मुलांची उंची खुंटते हा समज जुना आहे, पण त्याला पुरावा नाही. हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या कूर्चेला इजा झाल्याची जी उदाहरणे नोंदली गेली, त्यांत बहुधा देखरेख नव्हती, पद्धत चुकीची होती किंवा वजन ताकदीबाहेरचे होते. सांगितलेले ऐकून तसेच करणे आणि तोल सांभाळणे मुलाला जमू लागले, म्हणजे साधारण 7-8 वर्षांपासून, सराव सुरू करता येतो. हृदयविकार, आटोक्यात नसलेला रक्तदाब किंवा फिट येण्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे.

वयात येण्यापूर्वी मुलांची ताकद वाढते ती मुख्यतः मज्जासंस्था स्नायूंना अधिक चांगले कामाला लावू लागते म्हणून; दंड फुगत नाहीत. त्यामुळे या वयात वजनापेक्षा हालचालीचे वळण महत्त्वाचे ठरते.

स्क्वॉटची सुरुवात वजनाशिवाय, गुडघ्याएवढ्या उंचीच्या स्टुलापुढे करावी. पाय खांद्याएवढे फाकवून, चवडे किंचित बाहेर वळवून मुलाने कंबर मागे नेत स्टुलाला अलगद टेकावे आणि उठावे. टाचा उचलल्या जाऊ नयेत; गुडघे चवड्यांच्या दिशेनेच जावेत. ते आत झुकू लागले की तो सेट तिथेच थांबवावा. हे जमल्यावर हलके डंबेल छातीशी धरायला द्यावे. वजन पुढे असल्याने पाठ आपोआप ताठ राहते. खांद्यावरचा बार त्यानंतर.

डेडलिफ्टमध्ये खरी अडचण वाकण्याची. मूल कमरेतून न वाकता पाठीतून वाकते. यासाठी एक काठी पाठीवर उभी धरावी. ती डोके, पाठीचा वरचा भाग आणि माकडहाड अशा तीन जागी टेकलेली ठेवून मुलाने नितंब मागे न्यावेत. एखादी जागा सुटली की चूक त्याची त्यालाच कळते; प्रशिक्षकाने ओरडण्याची गरज उरत नाही.

पुढची चूक मात्र मोठ्यांचीच असते. मोठ्या प्लेटचा व्यास 45 सेंटिमीटर असल्याने तिच्यासह बार जमिनीपासून सुमारे 22 सेंटिमीटरवर राहतो. 10 वर्षांच्या मुलासाठी वजन कमी म्हणून लहान प्लेट लावली की बार आणखी खाली जातो आणि पाठ गोल होते. नेहमीचा बारच 20 किलोचा असतो, तोही त्याला जड पडू शकतो. अशा वेळी 5 किलोचा सरावाचा बार घेऊन तो ठोकळ्यांवर गुडघ्याच्या जरा खाली ठेवावा. बार पायांना लागूनच वर यायला हवा. तो पुढे गेला की भार कमरेवर येतो.

आठवड्यातून दोन-तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून, 8 ते 15 आवर्तनांचे एक-दोन सेट पुरतात. शेवटचे आवर्तन पहिल्यासारखेच नीट झाले तरच वजन 5 ते 10 टक्क्यांनी वाढवावे. जास्तीत जास्त किती उचलता येते याची चाचणी हाडांची वाढ पूर्ण होईपर्यंत टाळलेलीच बरी.