बिलावरून ओळखा थ्रीपीएल आणि फोरपीएल

चाकणच्या एका कारखान्याचे सुटे भाग जर्मनीला जायचे आहेत, असं समजा. ट्रक एकाचा, पनवेलचं गोदाम दुसऱ्याचं, कस्टमचं काम सीएचएकडे. कंटेनर न्हावा शेवाच्या गेटवर पोहोचतो तेव्हा कट-ऑफ टळून दोन तास झालेले असतात. जहाज निघून जातं. ट्रकवाला म्हणतो, गोदामाने माल उशिरा भरून दिला. गोदामवाला म्हणतो, शिपिंग बिल हातात आलं नव्हतं. सीएचए म्हणतो, इनव्हॉइसच दुपारी मिळालं. करार काढून पाहिले तर तिघांचंही खरं असतं.

पनवेलचा गोदामवाला हा थ्रीपीएल. साठवण, पॅकिंग, वाहतूक अशी कामं तो कंपनीच्या वतीने करतो. फोरपीएल यातलं एकही काम स्वतः करेल असं नाही. तो या तिघांना निवडतो, त्यांचे करार सांभाळतो, कंटेनर कुठे अडकलाय यावर नजर ठेवतो आणि जहाज चुकलं तर कंपनीपुढे एकटा उत्तर देतो. ‘ज्याचे ट्रक तो थ्रीपीएल, ज्याचे नाहीत तो फोरपीएल’ हे विद्यार्थ्यांचं आवडतं उत्तर मात्र फसवं आहे; भाड्याच्या ट्रकांवर चालणारे थ्रीपीएल कितीतरी आहेत.

खरा फरक बिलात दिसतो. थ्रीपीएल सहसा दर पॅलेटमागे, दर खेपेमागे पैसे लावतो. रोज दोन ट्रक अर्धे रिकामे जात असतील, तर त्याला दोन खेपांचे पैसे मिळतात. मग एकच ट्रक पुरेल हे तो कशाला सांगेल? फोरपीएलला ठरावीक व्यवस्थापन शुल्क आणि बऱ्याचदा वाचवलेल्या खर्चातला वाटा मिळतो. ती एक खेप कमी करण्यात त्याचा स्वतःचा फायदा असतो.

ही कल्पना अँडरसन कन्सल्टिंगने, म्हणजे आजच्या ॲक्सेंचरने, 1996 च्या सुमारास मांडली. तिचा एक मोठा प्रयोग अमेरिकेत झाला. डिसेंबर 2000 मध्ये जनरल मोटर्सने सीएनएफ या वाहतूक समूहाबरोबर ‘व्हेक्टर एससीएम’ काढली आणि आपले असंख्य वाहतूकदार तिच्या हाती सोपवले. पण सीएनएफची स्वतःची थ्रीपीएल कंपनीही होती, मेनलो. काम वाटणाऱ्याच्या घरातच काम मागणारा असेल, तर इतर वाहतूकदार आपले दर त्याच्यासमोर मोकळेपणाने कसे ठेवणार? 2006 मध्ये जनरल मोटर्सने सीएनएफचा हिस्सा विकत घेऊन हे काम पुन्हा स्वतःकडे घेतलं.

म्हणून फोरपीएलचा करार वाचताना शुल्काच्या आधी दोन कलमं शोधावीत. त्याच्या भावकीतल्या कंपनीने खुल्या निविदेतूनच काम घ्यावं, हे एक. दुसरं म्हणजे वाहतुकीचे दर आणि खेपांची सगळी नोंद कंपनीच्याच मालकीची राहावी. हे दुसरं कलम नसेल, तर फोरपीएल बदलायची वेळ येते तेव्हा कोणत्या मार्गाला किती भाडं पडतं, हेही कंपनीला त्यालाच विचारावं लागतं.