कोड लिहिण्याआधी: ग्रंथालय प्रकल्पाची मांडणी

महाविद्यालयीन ग्रंथालयाच्या प्रकल्पाचे वर्णन साधारण असे असते: ‘विद्यार्थ्याला एका वेळी ३ पुस्तके ७ दिवसांसाठी मिळतात, प्राध्यापकाला १० पुस्तके ३० दिवसांसाठी. उशीर झाल्यास दर दिवसाला १ रुपया दंड. सर्व प्रती बाहेर असतील तर पुस्तक आरक्षित करता येते.’ यातून क्लास शोधण्याची रूढ रीत म्हणजे नामे आणि क्रियापदे अधोरेखित करणे. नामांतून क्लास सुचतात, क्रियापदांतून कामे. मात्र प्रत्येक नाम क्लास होत नाही. ‘दिवस’ ही नुसती संख्या आहे. विद्यार्थी आणि प्राध्यापक यांच्यात इथे फरक आहे तो फक्त मर्यादेचा आणि मुदतीचा, म्हणून ‘सभासद’ हा एकच क्लास आणि त्यात सभासदाचा प्रकार एवढे पुरते.

खरी अडचण ‘पुस्तक’ या शब्दात आहे. आरक्षण करणाऱ्याला ते पुस्तक हवे असते, कोणतीही प्रत चालते. घरी मात्र दाखल क्रमांक असलेली एक ठरावीक प्रत जाते. म्हणून ‘पुस्तक’ आणि ‘प्रत’ हे दोन क्लास लागतात, आणि एका पुस्तकाच्या अनेक प्रती असतात. शीर्षक व लेखक पुस्तकाकडे राहतात, दाखल क्रमांक प्रतीकडे. हा भेद राहून गेला, तर पाच प्रतींसाठी तेच शीर्षक पाचदा लिहावे लागते.

दिल्याची तारीख कुठे ठेवायची? सभासदाकडे अनेक प्रती असू शकतात आणि एक प्रत वर्षभरात अनेकांकडे जाते, त्यामुळे ही तारीख दोघांपैकी कोणा एकाची नाही. ती त्यांच्यातल्या व्यवहाराची आहे. वर्णनात हे नाम कुठेच नसले तरी ‘देवघेव’ हा क्लास त्यामुळेच करावा लागतो. एका प्रतीच्या नावावर जुन्या देवघेवी कितीही असोत, चालू देवघेव फार तर एकच असते. ‘आरक्षण’ मात्र सभासदाला पुस्तकाशी जोडते, प्रतीशी नाही.

जबाबदारी वाटताना नियम असा, की ज्याच्याकडे माहिती त्याच्याकडे काम. मर्यादा शिल्लक आहे का, हे सभासद सांगतो. एखादी प्रत शिल्लक आहे का, हे पुस्तक आपल्या प्रतींना विचारून सांगते. उशिराचे दिवस देवघेव मोजते. दंड त्यातूनच निघतो, त्यामुळे पावती जपायची नसेल तर दंडाला वेगळा क्लास लागत नाही. केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९८९ मध्ये मांडलेल्या सीआरसी कार्डांवर हे सोपे जाते. प्रत्येक कार्डावर क्लासचे नाव, त्याच्या जबाबदाऱ्या आणि त्याला मदत करणारे क्लास एवढेच लिहायचे.

मग एक प्रसंग कार्डांवरून चालवून पाहावा. विद्यार्थ्याने ३ जुलैला नेलेली प्रत १४ जुलैला परत आली. देवघेवीकडे मुदतीची तारीख १० जुलै आहे, म्हणजे ४ दिवस उशीर आणि ४ रुपये दंड. देवघेव बंद होते. प्रत आपल्या पुस्तकाला कळवते आणि पुस्तक रांगेतले पहिले आरक्षण शोधते. या वाटेवर एखादे काम कोणत्याच कार्डावर सापडले नाही, तर क्लास किंवा जबाबदारी राहून गेली आहे. सगळी कामे ‘ग्रंथालय’ या एकाच कार्डावर गोळा झाली असतील, तर वाटणी अजून व्हायची आहे. या टप्प्यावर दुरुस्तीला फक्त कार्ड खोडून पुन्हा लिहावे लागते.