शोध मोबाइलवर, खरेदी दुकानात

फ्रिज घ्यायचा ठरला की घरातले कोणीतरी आधी मोबाइलवर किंमत, लिटर आणि वीजवापराचे तारे पाहते. आठवडाभर जाहिराती दिसत राहतात. रविवारी सगळे मिळून दुकानात जातात, दार उघडून पाहतात, थोडी घासाघीस करतात आणि तिथेच पैसे भरतात. बिलावर या आधीच्या आठवड्याची काहीच नोंद नसते. संकेतस्थळाच्या हिशेबात हा ग्राहक ‘पाहून गेला, घेतले नाही’ असा पडतो, तर दुकानाच्या हिशेबात तो आपणहून आलेला असतो. जाहिरातीवर खर्च करणाऱ्याला मात्र या विक्रीचे श्रेय कोणाला द्यायचे, हे ठरवावेच लागते.

यासाठी वापरली जाणारी एक पद्धत म्हणजे मोबाइल क्रमांकांची जुळणी. बिल करताना घेतलेला क्रमांक SHA-256 या सूत्राने 64 अक्षरांच्या सांकेतिक ओळीत बदलून जाहिरात कंपनीकडे पाठवला जातो. कंपनीकडच्या खात्यांचे क्रमांकही त्याच सूत्रातून काढलेले असतात. दोन्ही ओळी जुळल्या की हा ग्राहक जाहिरात पाहून गेला होता का, हे कळते. वॉरंटीसाठी घेतलेला क्रमांक अशा कामाला वापरायचा, तर ग्राहकाला तसे सांगून त्याची संमती घेणेच योग्य.

पद्धत चोख वाटते, पण ती काउंटरवरच अडते. एका ठिकाणी क्रमांकाआधी +91 आहे आणि दुसरीकडे नाही, एवढ्यानेही संपूर्ण ओळ बदलते. गर्दीच्या वेळी कर्मचारी 9999999999 टाकून मोकळा होतो. शोध मुलीने घेतलेला असतो आणि बिल वडिलांच्या क्रमांकावर होते. एकच क्रमांक शेकडो बिलांवर दिसू लागला, तर नोंदीच खोट्या आहेत हे ओळखावे.

नोंदी अगदी अचूक असल्या तरी मोठी अडचण उरतेच. जाहिरात पाहिली आणि वस्तू घेतली, एवढेच जुळणीतून कळते. जाहिरातीमुळे घेतली का, हे कळत नाही. जो फ्रिज घेणारच होता, त्यालाच फ्रिजच्या जाहिराती जास्त दिसतात, आणि त्याची खरेदीही जाहिरातीच्या खात्यात जमा होते.

रँडल लुइस आणि डेव्हिड रायली या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतील एका मोठ्या दुकानसाखळीसाठी याहूवर केलेला प्रयोग म्हणूनच मोलाचा आहे. सोळा लाख ग्राहकांची जुळणी करून त्यांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले आणि एका गटाला ती जाहिरात दाखवलीच नाही. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार जाहिरातीने खरेदी सुमारे 5 टक्क्यांनी वाढली. या वाढीपैकी 93 टक्के खरेदी प्रत्यक्ष दुकानांत झाली, आणि 78 टक्के वाढ जाहिरातीवर एकदाही क्लिक न केलेल्यांकडून आली. क्लिक मोजून श्रेय वाटणाऱ्याच्या नजरेतून ही बहुतेक वाढ निसटली असती. शिवाय, पाहणारे आणि न पाहणारे यांची प्रयोगाविना नुसती तुलना केली असती, तर जाहिरातीने विक्री घटल्याचा उलटाच निष्कर्ष निघाला असता.

लहान दुकानसाखळीला ग्राहकांचे असे गट पाडता येत नाहीत, पण शहरांचे पाडता येतात. समजा, एका साखळीची आठ शहरांत दुकाने आहेत. चार आठवडे सगळीकडे जाहिरात बंद ठेवली. पुढचे चार आठवडे चिठ्ठी टाकून निवडलेल्या चार शहरांत ती सुरू केली. तिथली विक्री 40 लाखांवरून 44 लाखांवर गेली. जाहिरात नसलेल्या शहरांत ती 30 लाखांवरून साडेएकतीस लाख झाली, म्हणजे हंगामामुळेच 5 टक्के वाढली. त्या हिशेबाने पहिल्या चार शहरांत जाहिरातीविनाही 42 लाखांची विक्री झाली असती. जाहिरातीची कमाई उरलेल्या 2 लाखांची. त्यावर 15 टक्के नफा धरला तर 30 हजार रुपये होतात. जाहिरातीला 50 हजार लागले असतील, तर या काळापुरता तो तोटा आहे, मग क्रमांकांच्या जुळणीने 9 लाखांचे श्रेय दाखवलेले का असेना.

हा आकडाही जपूनच वापरावा लागतो. या शहरांची विक्री एरवीही दर महिन्याला चार-पाच टक्के खालीवर होत असेल, तर 2 लाखांचा फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो. अशा वेळी प्रयोग लांबवावा किंवा पुन्हा करावा. पाडवा, दसरा, दिवाळीचे आठवडे टाळावेत. पुणे एका गटात आणि पिंपरी-चिंचवड दुसऱ्या गटात ठेवू नये, कारण एकीकडे जाहिरात पाहून लोक दुसरीकडे खरेदी करतात. जाहिरात पाहून महिन्याभराने येणारे ग्राहकही असतात, म्हणून जाहिरात थांबल्यावर आणखी काही आठवडे दोन्हीकडची विक्री मोजत राहावी आणि मगच खर्चाचा निर्णय घ्यावा.